ओ पॉझिटिव्ह मावशींना एकही ओ बाटली जुळेना: कुणाचं रक्त कुणाला चालतं ते पायरी-पायरीनं

मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, बेळगावातच, अकरा वर्षं झाली काउंटरच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला रोज तोच सीन. वॉर्डातनं चिठ्ठी घेऊन एक पोरगं धावत येतं, घामानं भिजलेलं, मागं तीन-चार दोस्त, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "सर दोन बाटल्या पाहिजेत, आमचा ग्रुप सेम आहे, कुणाचं पण काढा आणि द्या की लगेच." काचेच्या बाटल्या बंद होऊन जमाना झाला, आता प्लास्टिकची पिशवी असते, पण लोक बाटलीच म्हणतात आणि खरं सांगायचं तर मी पण म्हणतो.

हे लिहायला बसलो ते मागच्या पावसाळ्यातल्या एका केसमुळं. खानापूरकडच्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, गोठ्यात घसरून मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलेलं, हिमोग्लोबिन साडेसात, ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या चढवायच्या म्हणून चिठ्ठी आली. ग्रुप ओ पॉझिटिव्ह. आमच्याकडं सगळ्यात जास्त सापडणाऱ्या ग्रुपांपैकी तो एक, फ्रीजमध्ये साठा होता, पुतणे चार घेऊन आलेले ते पण चौघे ओ पॉझिटिव्ह. सोपं काम म्हणून मी चहा सांगितला होता. तो चहा गार झाला आणि मला घरी जायला रात्रीचे दीड वाजले, कारण फ्रीजमधली एकही ओ बाटली त्यांना जुळेना.

ती का जुळली नाही हे कळायचं असेल तर आधी साधी गोष्ट नीट कळायला पाहिजे, म्हणून सुरुवातीपासनं जाऊ.

पायरी १: चार्ट पाठ करू नका, एकच प्रश्न धरा

कोण कुणाला देऊ शकतो त्याचा चार्ट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो आणि ऐन वेळेला सगळ्यांचा उलटा होतो. त्यापेक्षा हे बघा. रक्तात दोन भाग धरा, तांबड्या पेशी आणि त्या ज्याच्यात तरंगतात ते पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा. तांबड्या पेशीच्या अंगावर बारीक बारीक खुंट्या असतात आणि त्या खुंट्यांवर टोप्या अडकवलेल्या असतात. (आधी मी टोपीच्या जागी झेंडा म्हणून सांगायचो, पण बेळगावात झेंड्याचं नाव काढलं की विषय भलतीकडंच जातो.) ए ची टोपी असली तर ग्रुप ए, बी ची असली तर बी, दोन्ही असल्या तर एबी, आणि खुंट्या आहेत पण टोपी एकही नाही तर ओ. पुस्तकात ह्या टोपीला अँटिजेन म्हणतात.

आता प्लाझ्माकडं या. त्याच्यात पहारेकरी फिरत असतात, अँटिबॉडी. त्यांचा नियम एकच, जी टोपी आपल्या घरात नाही ती दिसली की धरायची. म्हणजे ए ग्रुपवाल्याच्या प्लाझ्मात बी ला धरणारे, बी वाल्याच्यात ए ला धरणारे, ओ वाल्याच्यात दोन्हीला धरणारे, आणि एबी वाल्याला दोन्ही टोप्या घरच्याच असल्यामुळं पहारेकरी कुणीच नाहीत. गंमत म्हणजे हे पहारेकरी तयार व्हायला आधी कधी रक्त चढवलेलं असायची गरज नसते. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर ए-बी सारख्याच दिसणाऱ्या गोष्टी असतात, त्या बघून बघून बाळाच्या पहिल्या काही महिन्यांतच ते तयार होतात. म्हणूनच चुकीच्या ग्रुपची पहिलीच बाटली पण जीव घेऊ शकते, "एकदा चालून जाईल" असलं काही नसतं.

मग प्रश्न कुठला धरायचा तर हा: देणाऱ्याच्या पेशीवर अशी कुठली टोपी आहे काय की जिला घेणाऱ्याचे पहारेकरी धरतील? नाही असं उत्तर आलं तरच पुढं जायचं. चिकोडीचा एक बी ग्रुपचा पेशंट धरा. त्याला ए ची बाटली लावली तर त्याच्या प्लाझ्मातले ए ला धरणारे पहारेकरी त्या पेशींवर तुटून पडणार, पेशी नसेतच फुटणार, आतला लाल रंग लघवीत उतरणार, किडनी बसायची वेळ येणार. त्यालाच ओ ची बाटली लावली तर पेशीवर टोपीच नाही, धरणार काय. म्हणून ओ सगळ्यांना चालतो, आणि म्हणूनच ओ वाल्याला मात्र ओ शिवाय दुसरं चालत नाही, कारण त्याचे पहारेकरी दोन्ही टोप्यांवर टपलेले. एबी वाल्याकडं पहारेकरीच नाहीत म्हणून तो कुणाचंही घेतो. बघा, चार्ट न बघता आला ना.

हे सगळं ए-बी-ओ चं गणित 1901 साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टाइनर ह्यांनी मांडलं, त्यासाठी त्यांना 1930 मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी आपल्याच लॅबमधल्या लोकांचं रक्त घेऊन ह्याच्या पेशी त्याच्या पाण्यात टाकून बघितल्या होत्या, आणि मजा म्हणजे आम्ही आज पण मुळात तेच करतो.

पायरी २: पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगळं धरा

ग्रुपच्या मागं जे पॉझिटिव्ह लागतं ती तिसरी गोष्ट, आरएच डी. ती असली तर पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह. आपल्याकडं शंभरात पाचेक लोकच निगेटिव्ह असतात. इथं फरक असा की निगेटिव्ह माणसाच्या प्लाझ्मात डी ला धरणारे पहारेकरी जन्मापासनं नसतात, एकदा पॉझिटिव्ह रक्त अंगात शिरलं की मग ते तयार होऊ शकतात आणि पुढच्या वेळेला त्रास देतात. म्हणून निगेटिव्हला निगेटिव्हच द्यायचं, आणि पॉझिटिव्हला दोन्ही चालतं. वयात आलेल्या मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत तर ह्याच्यात ढिलाई करायचीच नाही, कारण निगेटिव्ह आईच्या अंगात ते पहारेकरी तयार झाले आणि पुढं पोटातलं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ते बाळाच्या पेशी फोडतात. निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह बाळ झालं की 72 तासांच्या आत अँटी-डी चं इंजेक्शन द्यायचं असतं ते ह्याचसाठी, घरात कुणी असेल तर डॉक्टरांना आठवण करायला लाजू नका.

पायरी ३: घरच्यांच्या तोंडचा ग्रुप सोडा, नमुना द्या

"पेशंटचा ग्रुप काय" म्हणलं की नातेवाईक कार्ड काढून दाखवतात, आधार कार्डाच्या मागं पेननं लिहिलेलं दाखवतात, एकदा तर एका काकांनी गाडीच्या लायसनवर आहे म्हणून हट्टच धरला होता. आम्ही ते बघतो आणि बाजूला ठेवतो. प्रत्येक वेळेला पेशंटचा ताजा नमुना लागतो, जांभळ्या बुचाची छोटी ट्यूब, तिच्यावर पेशंटचं नाव आणि हॉस्पिटलचा नंबर, आणि ते लेबल पेशंटच्या खाटेजवळ उभं राहूनच लिहिलेलं पाहिजे. आमच्या भागात चिठ्ठी कधी कन्नडमध्ये येते, रक्तद गुंपु म्हणून लिहिलेलं असेल तर ते ब्लड ग्रुपच, घाबरायचं काही नाही, पण नावाचं स्पेलिंग ट्यूबवर एक आणि चिठ्ठीवर एक असेल तर आम्ही परत पाठवतो. पोरं चिडतात. चिडू देत. जगभरात चुकीच्या ग्रुपचं रक्त चढून जे अपघात झालेत त्यातले बरेचसे लॅबच्या चुकीनं झालेले नाहीत, ट्यूब ह्याची नाव त्याचं, नाही तर पिशवी ह्याची खाट त्याची, असल्या अदलाबदलीनं झालेत. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन पाटील असणं आमच्याकडं रोजचंच आहे की.

पायरी ४: टाइलवर आणि ट्यूबमध्ये काय बघतात

ग्रुप बघायचा तर पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब, त्यात पहिल्यात निळं औषध, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात पाण्यासारखं बिनरंगी. निळ्यात ए ला धरणारे पहारेकरी आहेत, पिवळ्यात बी ला, बिनरंगीत डी ला. काडीनं ढवळून टाइल जरा डोलवायची. जिथं टोपी जुळली तिथं थेंब फाटतो, दूध नासल्यावर कसं पाणी आणि चोथा वेगळं होतं तसं लाल दाणे दिसायला लागतात. जिथं जुळली नाही तिथं थेंब गुळगुळीतच राहतो. मावशींचा निळा गुळगुळीत, पिवळा गुळगुळीत, तिसरा फाटला. म्हणजे ओ पॉझिटिव्ह.

कॅम्पात बऱ्याचदा एवढंच बघतात, पण हे अर्धंच काम झालं. दुसरी बाजू उलटी तपासायची असते, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा घ्यायचा आणि त्याच्यात ग्रुप माहीत असलेल्या पेशी टाकायच्या, ए च्या, बी च्या आणि ओ च्या पण. ओ माणसाच्या प्लाझ्मानं ए आणि बी च्या पेशी धरल्या पाहिजेत, ओ च्या पेशींना काही करायला नको. पुढनं आणि मागनं दोन्ही उत्तरं एकमेकांना जुळली तर ग्रुप पक्का.

इथं माझी चूक सांगतो. त्या संध्याकाळी आमच्याकडं तयार करून ठेवलेल्या ओ पेशी संपल्या होत्या, मी ए आणि बी एवढ्याच टाकून बघितल्या, दोन्ही धरल्या, म्हणलं झालं, ओ च आहे. ओ पेशी ताज्या करायला दहा-पंधरा मिनिटं लागली असती. तेवढी वाचवायला गेलो आणि पुढं तीन तास घातले.

पायरी ५: क्रॉसमॅच, खरा निकाल इथं लागतो

ग्रुप सेम म्हणजे बाटली पक्की असं नसतं. ए, बी आणि डी सोडून पेशीवर अजून पुष्कळ बारीक खुणा असतात, आणि आधी रक्त चढलेलं असेल, बाळंतपणं झालेली असतील तर त्यांच्यापैकी एखादीला धरणारे पहारेकरी पेशंटच्या अंगात असू शकतात. म्हणून शेवटी पेशंटचा प्लाझ्मा आणि जी बाटली लावायचीय तिच्याच पेशी एकत्र करून बघायच्या, अंगाच्या उष्णतेला 37 डिग्रीवर ठेवून, मग फिरवून. आमच्याकडं जेल कार्डावर करतात. प्लास्टिकचं छोटं कार्ड, त्यात सहा बारीक नळ्या, नळीत जेल. जुळत असेल तर पेशी सगळ्या खाली जाऊन तळाला लाल ठिपका बसतो, जुळत नसेल तर गुठळ्या होऊन वरच अडकतात, लाल पट्टी जेलच्या डोक्यावर राहते. सगळं धरून पाऊण ते एक तास जातो. "अजून किती वेळ" म्हणून काउंटरवर जे टकटक चालू असतं तो वेळ हा.

मावशींच्या चार बाटल्या लावल्या होत्या. चारीच्या चारी वर अडकल्या, लालभडक पट्ट्या.

एखादी अडकली असती तर त्या दात्यात काहीतरी असेल म्हणलो असतो. चारी म्हणजे पहिला संशय ट्यूबवर. परत नमुना मागवला, पुतण्यालाच नर्सबाईंबरोबर खाटेजवळ उभं केलं. परत तेच. मग मावशींच्या पेशी मावशींच्याच प्लाझ्मात टाकून बघितल्या, तिथं मात्र खाली छान ठिपका. म्हणजे स्वतःचं स्वतःला चालतंय, बाकी जगातल्या कुठल्या पण ओ चं चालत नाही. इथं माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. निमूट उठून ओ पेशी ताज्या केल्या, मघाशी जे टाळलं होतं ते केलं, आणि मावशींच्या प्लाझ्मात ओ पेशी टाकल्या टाकल्या फाटल्या, 37 डिग्रीची वाट पण बघावी लागली नाही.

खुंटीच नाही, मग टोपी कुठं अडकवणार

पहिल्या पायरीत मी खुंटी म्हणलो होतो, तिच्याकडं परत या. त्या खुंटीचं नाव एच. ए ची टोपी, बी ची टोपी ह्या एच च्या खुंटीवरच अडकतात. ओ माणसाची खुंटी मोकळी असते, पण असते. काही माणसांमध्ये ही खुंटीच तयार होत नाही. मग त्यांच्या अंगात ए ची टोपी करायचा जीन असला तरी टोपी अडकवायला जागा नाही, टाइलवर सगळं गुळगुळीत, रिपोर्ट ओ. पण आतून ते ओ नव्हेत. पहारेकऱ्यांचा नियम आठवा, जे घरात नाही ते धरायचं. ह्यांच्या घरात खुंटी पण नाही, म्हणून ह्यांचे पहारेकरी ए ला धरतात, बी ला धरतात आणि मोकळ्या खुंटीला पण धरतात. सगळ्यात जास्त मोकळ्या खुंट्या असतात कुणाकडं तर ओ वाल्याकडं. जो ओ सगळ्यांना चालतो तोच ह्यांना विषासारखा. ओ निगेटिव्ह आणला तरी तेच, निगेटिव्ह म्हणजे डी नाही एवढंच, खुंटी तिथं आहेच.

ह्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात, कारण 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो पहिल्यांदा ओळखला. भारतात दहा हजारात एखाद्या माणसाचा असतो असं धरतात. पक्कं करायला एच ला धरणारं एक औषध असतं, अँटी-एच, ते साध्या ओ पेशीवर टाकलं की दाणे पडतात, बॉम्बेवाल्याच्या पेशीवर टाकलं तर थेंब ढिम्म हलत नाही. रात्री साडेअकराला मी मावशींचा थेंब डोलवत होतो, काडी फिरवत होतो, तो तसाच गुळगुळीत.

हा ग्रुप आई आणि बाप दोघांकडनं एकेक बिघडलेला जीन आला तरच होतो, म्हणून नात्यात लग्न असलं की शक्यता वाढते. मावशींच्या आईचं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालेलं, आमच्या भागात ह्याचं कुणाला नवल पण वाटत नाही. अजून एक जाताजाता. अशा बाईला एबी मूल होऊ शकतं, कारण टोपीचा जीन लपून पुढं जातो आणि मुलाकडं बापाकडनं आलेली खुंटी असते. "आई ओ, मग मूल एबी कसं" म्हणून बाईवर संशय घेणाऱ्यांनी आधी तिचा ग्रुप नीट तपासून घ्यावा.

पायरी ६: मग रक्त आणायचं कुठनं

बॉम्बेवाल्याला फक्त बॉम्बेवाल्याचं चालतं. पुतण्यांना बाहेर येऊन सांगितलं तेव्हा थोरला म्हणाला, "सर मस्करी करताय काय, आम्ही चौघं ओ आहोत की." त्याला टाइल दाखवली, कार्ड दाखवलं, मग बसला खाली.

शोधायची जागा पहिली कुठली, तर सख्खी भावंडं. आईबाप दोघांकडं तो जीन लपलेला असला तर प्रत्येक भावंडाला चारात एक चान्स असतो. मुलाबाळांच्या मागं धावण्यात अर्थ नाही, त्यांना दुसऱ्या पालकाकडनं बहुतेक खुंटी आलेलीच असते. मावशींच्या दोन बहिणी गावातच, दोघी साध्या निघाल्या, एक ओ आणि एक बी. धाकटा भाऊ गोव्यात मडगावला कामाला. तो फोनवर म्हणाला, "माझं कार्ड आहे, ओ पॉझिटिव्ह, दोनदा कॅम्पात दिलंय." म्हणलं तरीही या. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पावसात घाटातनं बस लटकत लटकत, आणि तो निघाला बॉम्बे. दोन कॅम्प झाले, कार्ड मिळालं, कुणी त्याची मागची बाजू ओ पेशी टाकून बघितली नव्हती म्हणायची. त्याच्या दोन बाटल्यांच्या पेशींनी कुणाला त्रास झाला नसणार, त्याच्या पेशीवर धरायला ना टोपी ना खुंटी. पण त्याचाच कुठं अपघात झाला असता आणि कार्ड बघून घाईत ओ लावलं असतं तर काय झालं असतं, ते मी त्याला तिथं सांगितलं नाही, नंतर सांगितलं.

भावाचं रक्त सरळ लावायचं नसतं ही गोष्ट लोकांना पटतच नाही. घरचं रक्त म्हणजे सगळ्यात चांगलं असं डोक्यात बसलेलं. जवळच्या नात्यातल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्या पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, मग त्या तिथं राहतात, वाढतात आणि पेशंटवरच उलटतात. क्वचित होतं, पण झालं की वाचणं अवघड. म्हणून अशी पिशवी आधी रेडिएशन देऊन घ्यायची असते, ते मशीन सगळीकडं नसतं, ती पिशवी बर्फाच्या पेटीत घालून पाठवून करून आणावी लागली. दुसरी बाटली दुर्मिळ ग्रुपवाल्यांची जी यादी असते तिच्यातनं मिळाली, कोल्हापूरकडचा एक माणूस, स्वतःच एसटीनं आला. त्या आठवड्यात सीमेवरनं बस बंद नव्हत्या हे नशीबच म्हणायचं.

दोघांचं वजन, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे काय, मागचं दान होऊन तीन महिने झालेत काय, हे सगळं नेहमीसारखंच बघितलं. एचआयव्ही, दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया ह्या टेस्ट पण सोडल्या नाहीत. दुर्मिळ आहे म्हणून सूट नसते.

आणि ते चार पुतणे? त्यांचं रक्त काकीला चालणार नव्हतं, तरी चौघांनी दिलं. तुम्ही दिलेली बाटली तुमच्याच पेशंटला लागेल असं नसतं, ती साठ्यात जाते, तिचा ग्रुप ज्याला जुळेल त्याला जाते. म्हणून "पेशंट बी आहे, मी ए आहे, मग माझा काय उपयोग" म्हणून दारातनं परत जाऊ नका. फक्त कुणी पैसे घेऊन रक्त द्यायला तयार असेल तर त्याला आणू नका, रक्त विकणं आपल्याकडं 1998 पासनं बंद आहे, आणि पैशासाठी देणारा माणूस आजार लपवतो.

पायरी ७: प्लेटलेट-प्लाझ्मा असेल तर गणित उलटं

डेंग्यूच्या सीझनला ह्याच्यावरनं लई भांडणं होतात म्हणून थोडक्यात. वरचं सगळं तांबड्या पेशींचं झालं. नुसता प्लाझ्मा द्यायचा असेल तर त्याच्यात टोप्या नाहीत, पहारेकरी आहेत, म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: देणाऱ्याचे पहारेकरी घेणाऱ्याच्या टोप्या धरतील काय? ओ चा प्लाझ्मा दोन्हीला धरणारा, तो ओ लाच द्यायचा. एबी चा प्लाझ्मा कुणालाही चालतो. प्लेटलेट प्लाझ्मात तरंगत असतात म्हणून त्यांना पण शक्यतो सेम ग्रुप बघतात, पण त्या पाचच दिवस टिकतात, साठा कमी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसा दुसरा ग्रुप पण देतात. "ओ सगळ्यांना चालतो" हे वाक्य पिशवीत काय आहे ते न बघता म्हणायचं नाही.

पायरी ८: खाटेजवळची पंधरा मिनिटं

पिशवी वॉर्डात गेली की काम संपलं नाही. लावायच्या आधी पिशवीच्या लेबलावरचं नाव, हॉस्पिटल नंबर, ग्रुप आणि तारीख हे पेशंटच्या फाईलशी मोठ्यानं वाचून जुळवायचं, नर्सबाई वाचतील, तुम्ही पण कान द्या. पेशंट शुद्धीत असेल तर त्यालाच नाव विचारायचं, "तुमचं नाव अमुकच ना" असं नाही, "नाव सांगा" असं. पिशवी फ्रीजमधनं निघाल्यावर अर्ध्या तासात लागली पाहिजे आणि चार तासांत संपली पाहिजे. गरम पाण्यात बुडवून कोमट करायची नाही, हे मी लोकांना करताना बघितलंय.

पहिली पंधरा मिनिटं हळू सोडतात आणि कुणीतरी जवळ बसतं. थंडी वाजून ताप, कमरेत किंवा छातीत दुखणं, सुईच्या जागी आग, जीव घाबरा होणं, लघवी चहाच्या रंगाची, ह्यातलं एक जरी झालं तर "एसी लावलाय म्हणून असेल" म्हणायचं नाही, नर्सला हाक मारायची, रक्त तिथंच बंद करतात, सलाईन चालू ठेवतात, आणि पिशवी फेकून न देता नळीसकट आमच्याकडं परत येते, परत तपासायला.

मावशींच्या वेळी त्या पंधरा मिनिटांत भाऊ खाटेजवळ बसला होता, घड्याळाकडं बघत. मावशी त्याला म्हणाल्या, "तू लहानपणी माझ्या वाटणीचा खरवस खायचास, आता फेड." काही झालं नाही, पिशवी संपली, दुसरी दुसऱ्या दिवशी लागली, हिमोग्लोबिन नऊच्या वर गेलं आणि मंगळवारी ऑपरेशन झालं.

जायच्या आधी भावाचं जुनं कार्ड मी मागून घेतलं, ओ पॉझिटिव्हवर काट मारली आणि लाल पेननं लिहिलं: बॉम्बे ग्रुप, आरएच पॉझिटिव्ह, ओ देऊ नये. मावशींच्या फाईलवर पण तेच, कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत, कारण पुढच्या वेळेला काउंटरवर कोण असेल सांगता येत नाही. तो म्हणाला, "मग आता कॅम्पात देऊ नको काय?" म्हणलं, कॅम्पात देऊ नका, यादीत नाव घाला, फोन चालू ठेवा, बोलावतील तेव्हा या.